थकलेल्या सरकारी बिलाचं पत्र नव्यानं लिहिताना

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं स्टील फर्निचरचं छोटं वर्कशॉप आहे. पत्रा, वेल्डिंग, रंग आणि कामगार हे सगळं भाऊजी, म्हणजे माझे दीर बघतात. हिशेब, जीएसटी आणि कागदपत्रं माझ्याकडं. गेल्या वर्षी एका सरकारी खात्याच्या जिल्हा कार्यालयानं दरपत्रकं मागवून आमच्याकडून 24 स्टीलची कपाटं आणि 12 रॅक घेतले. माल फेब्रुवारीत पोचला. जुलै उजाडला तरी पैसे आले नव्हते.

भाऊजींनी एका रात्री बसून खात्याला पत्र लिहिलं आणि सकाळी टाइप करायला माझ्याकडं दिलं. त्यातला मुख्य मजकूर असा होता :

"आम्ही आपल्या खात्यास कपाटे व रॅक पुरविले असून त्यापोटी रु. 3,39,840 इतकी रक्कम अद्याप मिळालेली नाही. वारंवार विनंती करूनही दखल घेतली जात नाही. कामगारांचे पगार व बँकेचे हप्ते भागविणे अशक्य झाले आहे. आठ दिवसांत रक्कम न मिळाल्यास न्यायालयात दाद मागावी लागेल व होणाऱ्या परिणामांस आपण जबाबदार राहाल."

पत्र पुण्याच्या वरिष्ठ कार्यालयाच्या नावे होतं. खाली प्रत म्हणून जिल्हाधिकारी आणि पालकमंत्री. ह्यातला एकही शब्द खोटा नव्हता. जीएसटीचे 51,840 रुपये आम्ही विवरणपत्र भरताना खिशातून भरले होते आणि पत्र्याच्या व्यापाऱ्याचे पैसे उधारीवर होते. तरीही पत्र टाइप करायच्या आधी ते घेऊन मी त्या जिल्हा कार्यालयाच्या लेखा शाखेत गेले. पैसे नेमके कुठं अडलेत हे समजल्याशिवाय पत्रात मागायचं तरी काय, हा माझा प्रश्न होता.

लेखा शाखेतल्या मॅडमनी पत्र शांतपणे वाचलं. मग कपाटातून आमची फाइल काढली आणि म्हणाल्या, "ताई, हे सगळं खरं असंल. पण ह्यावर मी टिपणी काय लिहू? 3,39,840 चं बिल माझ्याकडं नाहीच की. माझ्याकडं तीन बिलं आहेत, आणि तिन्ही तीन कारणांनी थांबलीत."

खरंच होतं. आदेश एक असला तरी माल तीन ठिकाणी उतरवायचा होता : 12 कपाटं कोल्हापूरच्या जिल्हा कार्यालयात, सहा कपाटं आणि सहा रॅक गडहिंग्लजला, तेवढेच राधानगरीला. प्रत्येक टेम्पोबरोबर वेगळं बिल आणि वेगळं चलन गेलं होतं. 1,38,768 रुपयांचं एक आणि 1,00,536 रुपयांची दोन. भाऊजींनी तिन्हींची बेरीज करून एकच आकडा लिहिला होता. तो आकडा त्या फाइलीतल्या कुठल्याही कागदावर नव्हता.

मॅडमनी एकेक बिल उलगडून दाखवलं. कोल्हापूरचं बिल सगळ्या अंगानं पूर्ण होतं. मागच्या बाजूला माल मिळाल्याचा आणि साठा नोंदवहीत घेतल्याचा दाखला, नोंदवहीच्या पान क्रमांकासकट, सही-शिक्क्यानिशी होता. ते अडलं होतं फक्त अनुदानासाठी. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात ते टेबलावर आलं तेव्हा त्या लेखाशीर्षाखाली बीडीएसवर, म्हणजे सरकारी अनुदान वाटपाच्या ऑनलाइन प्रणालीवर, रक्कम शिल्लक नव्हती. 31 मार्च उलटला की जुन्या वर्षाची तरतूद संपते. मग तेच बिल नव्या वर्षात मागील वर्षाचं प्रलंबित दायित्व म्हणून धरावं लागतं आणि त्यासाठी वरिष्ठ कार्यालयाकडं अनुदानाची मागणी करावी लागते. गडहिंग्लजच्या बिलाला साठा नोंदीचा दाखलाच जोडलेला नव्हता. तो नसताना बिल कोषागारात पाठवलं तर आक्षेप लागून परत येतं, म्हणून ते पुढं सरकलंच नाही. आणि राधानगरीच्या चलनावर तिथल्या लिपिकानं पेनानं लिहिलं होतं : "एका कपाटाचे दार लागत नाही, दुरुस्तीनंतर नोंद घेऊ." खाली 10 फेब्रुवारी तारीख.

ते दार आमच्या माणसानं 24 फेब्रुवारीला जाऊन बदललं होतं. पण बदलल्याचा कागद त्या फाइलीत नव्हता. कार्यालयाच्या दृष्टीनं राधानगरीचा माल अजूनही सदोषच होता.

तिथंच मला कळलं की हे पत्र कुणाला राग कळवण्यासाठी लिहायचं नाही. मॅडमना बिलाखाली टिपणी लिहिता यावी आणि ती टिपणी घेऊन त्यांना साहेबांच्या सहीला जाता यावं, इतकं तयार ते पत्र असायला हवं. सरकारी कार्यालयात आलेल्या पत्रावर साहेब "लेखा, कार्यवाही करावी" एवढं लिहून ते खाली पाठवतात. ते परत वर जातं ते टेबलावरच्या माणसाच्या टिपणीसोबत. टिपणीत आदेश, पोच, बिल, दाखला आणि अनुदान ह्याच क्रमानं बोललं जातं. मग पत्रानंही त्याच क्रमानं बोलावं.

पत्र लिहायला बसायच्या आधी कागद जमवले. गडहिंग्लजच्या कार्यालयात फोन केल्यावर कळलं की साठा नोंद फेब्रुवारीतच झाली होती, पण दाखला जिल्ह्याला पाठवायचा राहून गेला होता. तिथल्या भांडारपालांनी नोंदवहीचं पान आणि अनुक्रमांक सांगितला, तो मी लिहून घेतला. राधानगरीचा शोध वर्कशॉपमध्येच लागला. आमचा फिटर दुरुस्तीला गेला की कामाची स्लिप भरून समोरच्याची सही घेतो. 24 फेब्रुवारीची ती स्लिप त्याच्या पॅडमध्ये सापडली : "कपाट नग 1, दार बदलले, लॉक तपासले." खाली तिथल्या लिपिकाची सही आणि तारीख. शिक्का मात्र नव्हता. पुढं शिक्का नसल्यानंच थोडी अडचण झाली.

मग भाऊजींचं पत्र समोर ठेवून एकेक गोष्ट बदलत गेले.

पहिला बदल पत्ता. पैसे काढायचा अधिकार आहरण व संवितरण अधिकाऱ्याचा. आदेशाच्या खाली ज्यांची सही तेच आमच्या बाबतीत ते अधिकारी होते. पुण्याला थेट लिहिलं असतं तर ते पत्र "अहवाल सादर करावा" अशा शेऱ्यासह कोल्हापूरलाच परत आलं असतं, आणि मधला वेळ आमचा गेला असता. पालकमंत्र्यांची प्रत मी काढून टाकली. त्याऐवजी प्रती गडहिंग्लज आणि राधानगरीच्या कार्यालयांना ठेवल्या, कारण अडलेले दोन कागद त्यांच्याकडून यायचे होते. भाऊजींना हे पटायला वेळ लागला. "वहिनी, वरून दट्ट्या बसल्याशिवाय ह्यांच्याकडनं काय हालत न्हाई," असं ते म्हणत राहिले. मी म्हटलं, वरचं दार आपल्याला केव्हाही उघडं आहे, आधी खालचं तर वाजवू.

दुसरा बदल कायद्याचा. "न्यायालयात दाद मागू" ही ओळ काढून तिथं 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियमाची कलमं घातली. इथं जरा थांबून सांगते, कारण ह्यात बऱ्याच जणांची गल्लत होते. कलम 15 प्रमाणं खरेदीदारानं ठरलेल्या तारखेच्या आत पैसे द्यायचे, आणि ती ठरलेली मुदत माल स्वीकारल्यापासून 45 दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. तारीख ठरलीच नसेल तर मुदत आणखी कमी, 15 दिवसांची. आमच्या आदेशात "अनुदान उपलब्धतेनुसार देयक अदा केले जाईल" असं वाक्य होतं. त्याला तारीख ठरली म्हणायचं की नाही ह्यावर वाद घालता आला असता. तो वाद मी ओढवून घेतला नाही. सगळ्यात लांबची, कुणालाच नाकारता येणार नाही अशी 45 दिवसांची मुदत धरली.

दिवस मोजायचे ते बिलाच्या तारखेपासून नाहीत, माल स्वीकारल्याच्या दिवसापासून. मालाबद्दल 15 दिवसांत लेखी हरकत आली नाही तर माल पोचला तोच स्वीकृतीचा दिवस. हरकत आली तर ती आपण दूर करू तो दिवस. म्हणून चलनावरची ती पेनाची ओळ महत्त्वाची ठरली. ती लेखी हरकत होती आणि 15 दिवसांच्या आतली होती. राधानगरीचे 45 दिवस 10 फेब्रुवारीपासून मोजले असते तर मॅडमनी चलन उघडून दाखवलं असतं आणि आमच्या बाकीच्या तारखांवरचाही विश्वास उडाला असता. ते दिवस मी 24 फेब्रुवारीपासून मोजले.

ह्या कायद्याचा आधार सगळ्यांना मिळत नाही. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उपक्रम असावा लागतो. शिवाय आम्ही माल स्वतः बनवतो आणि आमची उद्यम नोंदणी उत्पादक म्हणून आहे. जे नुसती खरेदी-विक्री करतात त्या व्यापाऱ्यांना 2021 पासून उद्यम नोंदणी मिळते, पण तिचा लाभ बँकेच्या प्राधान्य क्षेत्रातल्या कर्जापुरता आहे, थकबाकीच्या तरतुदींसाठी नाही. व्यापाऱ्यानं पत्रात ही कलमं घातली तर समोरचा लेखाधिकारी एका ओळीत ती खोडून काढू शकतो.

व्याजाचं काय करायचं ह्यावर घरात चर्चा झाली. कलम 16 प्रमाणं उशिरा दिलेल्या पैशांवर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं, दरमहा चक्रवाढीनं व्याज लागतं. आकडा मोठा होतो. पण जिल्हा कार्यालयाला व्याज द्यायला लेखाशीर्षच नसतं. व्याजाचा आकडा मागणीत मिसळला की सगळं प्रकरण "मार्गदर्शन व्हावे" म्हणून वर जातं आणि मूळ रक्कमही त्याच्याबरोबर अडकते. म्हणून हक्क राखून ठेवल्याची एक ओळ लिहिली आणि आकडा लिहिला नाही.

पगार, हप्ते, उपासमार हे सगळं काढलं. ते काढताना माझं मन दुखलं, कारण ते आमचंच होतं. पण त्यावर कुणी टिपणी लिहू शकत नव्हतं.

शेवटी तयार झालेलं पत्र असं. खात्याचं नाव आणि आमचे नोंदणी क्रमांक इथं गाळलेत.

---

प्रति,
मा. आहरण व संवितरण अधिकारी,
जिल्हा कार्यालय, कोल्हापूर

विषय : स्टील कपाटे व रॅक पुरवठ्याची तीन प्रलंबित देयके (एकूण रु. 3,39,840) अदा करणेबाबत.

संदर्भ : 1) आपला पुरवठा आदेश जा.क्र. भांडार/खरेदी/41, दि. 9 जानेवारी
2) आमची देयके क्र. 212, 215 व 219

महोदय,

संदर्भ क्र. 1 च्या आदेशानुसार 24 कपाटे व 12 रॅक आदेशात नमूद तीन ठिकाणी पोहोच केले आहेत. तपशील :

(अ) देयक क्र. 212, रु. 1,38,768. कपाटे 12. चलन क्र. 118, पोहोच दि. 3 फेब्रुवारी, जिल्हा कार्यालय. साठा नोंद दाखला देयकासोबत आहे.

(ब) देयक क्र. 215, रु. 1,00,536. कपाटे 6, रॅक 6. चलन क्र. 119, पोहोच दि. 6 फेब्रुवारी, गडहिंग्लज. साठा नोंद झाल्याचे संबंधित कार्यालयाने कळविले आहे (नोंदवही पान 37, अ.क्र. 4). दाखला आपणाकडे प्राप्त होणे बाकी आहे.

(क) देयक क्र. 219, रु. 1,00,536. कपाटे 6, रॅक 6. चलन क्र. 123, पोहोच दि. 10 फेब्रुवारी, राधानगरी. चलनावर नोंदविलेली एका कपाटाच्या दाराची त्रुटी दि. 24 फेब्रुवारी रोजी दूर केली आहे. कामाच्या स्लिपची प्रत सोबत जोडली आहे.

आमचा उद्योग उत्पादक सूक्ष्म उपक्रम म्हणून उद्यम नोंदणीकृत आहे. सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, 2006 च्या कलम 15 मधील 45 दिवसांची कमाल मुदत वरील देयकांबाबत अनुक्रमे 20 मार्च, 23 मार्च व 10 एप्रिल रोजी संपली आहे. कलम 16 नुसार विलंब व्याजाचा हक्क राखून सध्या मूळ रकमेची मागणी करीत आहोत.

तरी विनंती की,
1) देयक (अ) मागील वर्षाचे प्रलंबित दायित्व म्हणून अनुदान मागणीत समाविष्ट करावे.
2) देयक (ब) व (क) चे साठा नोंद दाखले संबंधित कार्यालयांकडून मागवून ती देयकेही त्याच मागणीत घ्यावीत.
3) केलेल्या कार्यवाहीबाबत आम्हांस लेखी कळवावे.

सोबत : आदेश, तीन देयके, तीन चलने, कामाची स्लिप व उद्यम प्रमाणपत्र यांच्या प्रती.

प्रत माहिती व आवश्यक कार्यवाहीसाठी : गडहिंग्लज व राधानगरी कार्यालय.

---

पत्रात मी एक गोष्ट मुद्दाम केली. प्रत्येक देयकाची विनंती त्याच्या खऱ्या अडचणीवर ठेवली. "त्वरित रक्कम अदा करावी" असं लिहिलं असतं तर त्याला "अनुदान उपलब्ध नाही" हे सरळ उत्तर होतं. "अनुदान मागणीत समाविष्ट करावे" ह्याला तसं उत्तर देता येत नाही. ते काम त्या कार्यालयाच्या हातातलं आहे आणि करायला पैसे लागत नाहीत.

पत्र आवक शाखेत दिलं, आमच्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि गोल शिक्का घेतला, आणि तो क्रमांक घेऊनच मॅडमकडं गेले. त्यांनी पत्र तिथंच फाइलीला लावलं. "आता हे माझ्या कामाचं झालं," एवढंच म्हणाल्या.

दफ्तर दिरंगाईचा 2005 चा कायदा भाऊजींना फार प्रिय आहे. कुठल्याही कर्मचाऱ्यानं आपल्याकडं फाइल सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त ठेवू नये, अशी तरतूद त्यात आहे. तो आणि माहिती अधिकाराचा अर्ज, दोन्ही मी राखून ठेवले. फाइल हलली नाही तर "देयक क्र. 212 वरील टिपणीची प्रत द्यावी" असा दहा रुपयांचा अर्ज करायचा हे ठरलं होतं. जिथं समोरचा माणूस काम करायला तयार आहे, तिथं ते आधीच काढायचं मला योग्य वाटलं नाही.

लेखी उत्तर आलं. "अनुदान प्राप्त होताच देयके अदा करण्यात येतील" असं एका ओळीचं. भाऊजी ते वाचून चिडले. मी मात्र ते जपून लावलं. त्या ओळीत देयकं मान्य आहेत, माल मिळालाय, रक्कम देणं लागतं हे सगळं खात्यानं आपल्या सहीनं कबूल केलं होतं. उद्या ह्याच कायद्याखाली थकबाकीचे वाद ऐकणाऱ्या सुविधा परिषदेकडं जायची वेळ आली असती तर पुरवठा झाला का, माल बरोबर होता का हे सिद्ध करायचं आमचं निम्मं काम त्या कागदानं झालं असतं.

गडहिंग्लजचा दाखला प्रत मिळाल्यावर लगेच आला. दिवाळीच्या आधी अनुदान बीडीएसवर उतरलं आणि पहिली दोन बिलं कोषागारातून पास झाली. खात्यावर जमा झालेली रक्कम बिलांच्या बेरजेपेक्षा 4,056 रुपयांनी कमी होती. भाऊजींना वाटलं कुणीतरी कापून घेतले. पण आदेशाची किंमत जीएसटी वगळून अडीच लाखांच्या वर असली की सरकारी खातं मूळ किमतीवर दोन टक्के जीएसटी टीडीएस कापतं. दोन बिलांची मूळ किंमत 2,02,800, त्याचे दोन टक्के बरोबर 4,056. खात्यानं त्या कपातीचं जीएसटीआर-7 हे विवरणपत्र भरलं की ती रक्कम पोर्टलवर आपल्याला दिसते. ती आपण स्वीकारायची, मग ती आपल्या कॅश लेजरमध्ये येते आणि पुढच्या कराला वापरता येते. स्वीकारायचं राहिलं तर ती तशीच पडून राहते. म्हणून कमी पैसे आले की आधी हा हिशेब मांडून बघावा, मगच तक्रार करावी.

राधानगरीचं बिल मागं राहिलं. स्लिपवर शिक्का नसल्यानं तिथल्या नव्या अधिकाऱ्यांनी ती मान्य केली नाही. मी भाऊजींना फिटरसोबत पाठवलं, कपाट प्रत्यक्ष उघडून दाखवलं आणि त्यांच्याच लेटरहेडवर "त्रुटी दि. 24 फेब्रुवारी रोजी दूर झाली असून सर्व 12 नग सुस्थितीत आहेत" असा दाखला घेतला. तो जोडून पुन्हा पत्र दिलं. ह्या वेळी विषयात एकच देयक, संदर्भात आदेश, आधीच्या पत्राचा आवक क्रमांक आणि खात्याचं ते एका ओळीचं उत्तर, आणि मजकूर सहा ओळींचा. ते भाऊजींनीच लिहिलं. मी फक्त 1,00,536 हा आकडा बिलाशी ताडून पाहिला.